गच्चीवरची साडेदहाची वेळ

*गुढीपाडव्याला सिगारेट सोडली, आज 74 दिवस झाले. वय 47, चोवीस वर्षं रोज साधारण बारा. पहिले चार आठवडे 2 मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम घेतलं, मग तेही बंद केलं. दिवसा आता त्रास नाही. पण रात्री साडेदहाला जेवण उरकून गच्चीवर गेलो की घशाशी दाटून येतं. शेजारी कुणीतरी उभं असायचं आणि आता नाही, असं वाटतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "सिगारेटसाठी रडतोयस?" कपाटात पुस्तकांमागे एका पाकिटात एक सिगारेट ठेवली आहे. ओढायची नाही, पण ती आहे याचा आधार वाटतो. टपरीवरच्या मित्रांना टाळतोय. कुणी विचारलं तर "सध्या बंद आहे" म्हणतो, कारण "मी ओढत नाही" म्हटलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं. झोपही नीट लागत नाही. चहा पूर्वीइतकाच, पाच-सहा कप. मी नक्की कशासाठी झुरतोय, आणि आता मी कोण?*

*— पुण्याहून एक वाचक*

आधी चहाचं बघू, कारण तुमच्या रात्रीच्या अस्वस्थतेत त्याचा वाटा आहे आणि तो उद्यापासून कमी करता येतो. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमचं काम वाढवून ठेवतात. चहा-कॉफीतलं कॅफीन मोडायचं काम तेच एन्झाइम करतं. धूर थांबला की साधारण आठवडाभरात ते पूर्वपदावर येतं आणि कॅफीन शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळायला लागतं. म्हणजे कप पाच-सहाच, पण अंगाला ते पूर्वीच्या नऊ-दहा कपांसारखे लागतात. मग छातीत धडधडतं, हात स्वस्थ बसत नाहीत, झोप उडते, लहानसहान गोष्टींनी भरून येतं. माणूस समजतो की हे सगळं सिगारेट सोडल्याचं आहे.

तर चहा तीन कपांवर आणा आणि शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्या. एकदम तोडू नका, नाहीतर डोकं दुखेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी केलात तर आठ-दहा दिवसांत होतं. त्यानंतरही रात्री साडेदहाला जे उरेल, ते तुमचं खरं दुःख. (दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन चालू असलेल्यांनी सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. या औषधांचंही असंच होतं, रक्तातली पातळी वाढते आणि डोस बदलावा लागू शकतो.)

आता उरलेल्यात तलफ किती आणि आठवण किती, हे वेगळं करू. निकोटीन शरीरातून काही दिवसांत निघून जातं. चिडचिड, भूक, लक्ष न लागणं हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं चार आठवड्यांत ओसरतं. मेंदूत निकोटीन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा वर्षानुवर्षांच्या ओढण्याने वाढलेल्या असतात. त्या न ओढणाऱ्या माणसाइतक्या व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तुमचे साडेदहा आठवडे झालेत, म्हणजे शरीराचं देणं जवळपास फिटलं आहे. तलफ अजून कधीमधी येईल, पण तिची चाल ठरलेली असते. तोंडात आणि बोटांत जाणवते, चढते, आणि तीन ते पाच मिनिटांत उतरते.

आठवण तशी उतरत नाही. गच्चीवर उभे असताना स्वतःला एक प्रश्न विचारा. आत्ता कुणी हातात पेटती सिगारेट दिली, पण ती खाली पार्किंगमध्ये, ट्यूबलाइटखाली, तीन मिनिटांत संपवून यायची, तर भागेल का? उत्तर "हो" आलं तर ती तलफ. "नाही, तशी नको" असं आलं तर तुम्हाला सिगारेट नकोच आहे, ती वेळ हवी आहे. आठ दिवस रोज रात्री विचारा आणि उत्तर कॅलेंडरवर एका अक्षरात लिहा: 'त' किंवा 'आ'. 'त' जास्त आले तर च्युइंगम लवकर थांबवलं हे कारण असू शकतं. ते साधारण बारा आठवड्यांपर्यंत, हळूहळू कमी करत घेतलं जातं; तुम्ही चौथ्यातच थांबवलंत. डॉक्टरांना विचारून रात्रीपुरतं एक पुन्हा घेता येईल. घेताना सारखं चावत राहू नका. तोंडात झणझणीत चव आली की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, असं अर्धा तास. सारखं चावलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, उपयोग मात्र होत नाही. चहा, कॉफी किंवा आंबट सरबत आधी पंधरा मिनिटं नको, कारण त्याने तोंडातून निकोटीन शोषलं जात नाही.

पण पत्रावरून वाटतं की 'आ' जास्त येतील. म्हणून पुढचं सगळं आठवणीबद्दल.

बायकोच्या प्रश्नाने तुम्ही गप्प झालात, तसे बहुतेक जण होतात. ज्या गोष्टीबद्दल लोक म्हणतात 'बरं झालं गेली', तिच्यासाठी दुःख करायला जागा नसते. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला अमान्य शोक म्हणता येईल. उघडपणे मांडता न येणारं, इतरांनी मान्य न केलेलं दुःख. त्याची अडचण अशी की बोलून हलकं होत नाही म्हणून ते आत गोड होत जातं. गेलेलं माणूस गेल्यावर देवमाणूस वाटायला लागतं, तसं सिगारेटचं होतं. आणि गोड झालेली आठवणच पुढे कधीतरी "एकच ओढू" म्हणते. म्हणून हे दुःख दाबायचं नाही. ते नीट करायचं आणि त्याच्या खऱ्या मापात आणायचं.

मापाचं काम आधी. रोज बारा, चोवीस वर्षं, म्हणजे एक लाखाच्या वर सिगारेटी आणि दहा लाखांच्या वर झुरके. दिवसातून इतक्या वेळा, इतकी वर्षं, क्वचितच कुणी आपल्या शेजारी उभं राहतं. त्यामुळे 'कुणीतरी' वाटतं यात वेडेपणा काहीच नाही. पण एक कोरा कागद घ्या आणि गेल्या वर्षीचा एक साधा मंगळवार आठवून बाराच्या बारा सिगारेटी वेळेसकट लिहा. सकाळी संडासात जाण्याआधीची. गाडी काढण्याआधी पार्किंगमधली. ऑफिसखाली साडेअकराची. जेवणानंतरची. तीनची, घसा खवखवत असताना ओढलेली. सहाची, पावसात कागद ओला होऊन अर्ध्यात टाकलेली. प्रत्येकीपुढे एक शब्द लिहा: हवीशी, सवयीची किंवा नकोशी. हा कागद भरल्यावर बहुतेकांना दिसतं की हवीशा दोन किंवा तीन होत्या. तुम्ही ज्या सोबतीसाठी झुरताय ती साडेदहाची आहे, बारापैकी एक. उरलेल्या नऊ-दहांची तुम्हाला आठवणही आलेली नाही. हा कागद जपून ठेवा, पुढे लागेल.

आता त्या एकीकडे जवळून बघू. रात्री साडेदहाला नक्की काय काय घडायचं? तुम्ही जिना चढायचात, म्हणजे घरापासून आणि फोनपासून दूर जायचात. कठड्याला टेकून उभे राहायचात. सहा-सात मिनिटं कुणी काही मागायचं नाही, कारण हातात सिगारेट असलेल्या माणसाला 'काय करतोयस' असं कुणी विचारत नाही. नुसत्या उभ्या माणसाला विचारतात. लांब श्वास घ्यायचात आणि त्याहून लांब सोडायचात, दहा-बारा वेळा. मनात दिवस उलगडायचा. शेवटी थोटूक विझवायचात, तोच दिवस संपल्याचा शिक्का. या सगळ्यात निकोटीनचं काम एकच होतं. संध्याकाळच्या सिगारेटीनंतर रक्तातलं निकोटीन दर दोन तासांनी निम्मं होत जायचं आणि त्यामुळे आलेली बेचैनी साडेदहाची सिगारेट शमवायची. म्हणजे जी तहान तिनेच लावली होती, तीच ती भागवायची. बाकीची शांतता तुमची होती: जिना, कठडा, एकांत, श्वास, दिवस मिटणं. चोवीस वर्षं त्याचं श्रेय सिगारेटच्या खात्यावर जमा होत राहिलं.

हा निव्वळ दिलासा नाही. 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 26 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. सोडून किमान दीड महिना झालेल्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. सिगारेट ताण कमी करत असती तर उलट दिसायला हवं होतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, माणूस गच्चीवर जाणंच बंद करतो. त्याने सिगारेटबरोबर एकांतही गेला, आणि ती उणीव तो सिगारेटच्याच नावावर मांडतो. दुसरी, सिगारेटच्या जागी फोन घेऊन जातो. मग सात मिनिटांची पस्तीस होतात, श्वास उथळच राहतो, दिवस मिटत नाही. तिसरीही आहे, आपल्याकडची: सुपारी. जेवणानंतर तोंडात काहीतरी हवं म्हणून सुपारी किंवा मसाला धरतात. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग करते हे सिद्ध झालेलं आहे. बडीशेप, लवंग, वेलदोडा चालेल. सुपारीचं खांडही नको. ई-सिगारेटचाही विचार नको. ती 2019 पासून देशभर बंद आहे आणि तिने निकोटीनचा फेरा पुन्हा सुरूच होतो.

मग करायचं काय? साडेदहाची वेळ सिगारेटकडून परत घ्यायची, तुकड्या-तुकड्याने. वेळ तीच, जिना तोच. फोन खाली ठेवायचा. हातात काहीतरी हवं, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना चोवीस वर्षांचं वळण आहे. गवती चहा आणि आल्याचा बिनचहापत्तीचा काढा लहान कपात, साधारण अर्धा कप, कढत. कप पूर्वी सिगारेट असायची त्याच हातात. गरम असल्यामुळे घोट-घोट घ्यावा लागतो आणि सहा-सात मिनिटं पुरतो. गार सरबत एका मिनिटात संपतं, म्हणून ते इथे चालत नाही. प्रत्येक घोटानंतर एक श्वास: चार आकडे मोजून नाकाने आत, सहा मोजून ओठ जरा आवळून बाहेर. झुरका सोडताना ओठ असायचे तसेच. दहा घोट, दहा श्वास. श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाची गती उतरते. सिगारेटबरोबर वाटणारी सैलावण बरीचशी या लांब उच्छ्वासाची होती. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार खोल आणि जोरात ओढताय, श्वास नेहमीएवढाच घ्या.

मग दिवसातली एक गोष्ट, एकच, मनात म्हणायची. आणि शेवटी कप कठड्यावर उलटा ठेवायचा. थोटूक विझवण्याच्या जागी ही खूण आहे. ती वगळू नका, फालतू वाटली तरी. शेवटच्या खुणेशिवाय मनाला वेळ संपल्याचं कळत नाही, आणि तुम्ही खाली येऊन 'काहीतरी राहिलं' म्हणत फ्रिज उघडता. सोडल्यानंतर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, त्यातलं काही या 'काहीतरी राहिलं'चं असतं.

पहिले दहा-बारा दिवस हे नाटकी वाटेल. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये अभ्यास झाला होता. सरासरी 66 दिवस निघाले, पण कुणाला 18, तर कुणाला अडीचशेच्या घरात. तेव्हा तीन आठवड्यांत 'जमत नाही' असं ठरवू नका. जमतंय हे ओळखायची खूण अशी: एखाद्या रात्री कप उलटा करून खाली आल्यावर लक्षात येईल की सिगारेटचा विचारच आला नव्हता. पहिल्यांदा असं होईल तेव्हा थोडं वाईटही वाटेल, जणू तिला विसरून आपण दगा दिला. तेही होतं, आणि जातं.

दुःखासाठी वेगळी जागा लागते, ती गच्चीवर नको. एखाद्या रविवारी सकाळी वीस मिनिटं बसा आणि सिगारेटला पत्र लिहा. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात हे बऱ्याचदा करून घेतात, आणि बऱ्याचदा ते वाया जातं, कारण लोक पहिल्या ओळीपासून तिला शिव्या घालतात. पहिल्या दिवशी फक्त तिने काय दिलं ते लिहा, जागा आणि वेळेसकट. "वडील हॉस्पिटलमध्ये असताना रात्री दोनला जिन्यात तू होतीस" असं काही असेल तर ते लिहा. तक्रार एकही नको. दुसरं पत्र दुसऱ्या दिवशी: तिने काय घेतलं. इथेही बारीक लिहा. 'आरोग्य' लिहू नका. मुलीने कुशीत शिरताना नाक मुरडलं तो दिवस लिहा, लग्नाच्या पंगतीतून उठून गेलात ते लिहा, ज्या प्रवासात खिडकीबाहेर बघण्याऐवजी पुढचं स्टेशन कधी येतं याकडे डोळे होते तो लिहा. दोन्ही पत्रं त्या बारा सिगारेटींच्या कागदाबरोबर ठेवा. एकाच बैठकीत दोन्ही लिहिलीत तर दुसरं पहिल्याला गिळतं, आणि न मांडलेलं प्रेम तसंच राहतं.

पुस्तकांमागची ती एक. तुम्हाला आधार वाटतो हे खरं आहे, पण तो आधार कशाचा हे बघा. ती तिथे असेपर्यंत रोज रात्री एक निर्णय उघडा राहतो, आणि उघडा निर्णय मनाला दमवतो. शिवाय वाईट दिवस येतो तेव्हा तलफ आणि सिगारेट यांच्यात दुकानापर्यंतचं चालणं तेवढं आडवं येतं. ते पाच मिनिटांचं असलं तरी पुरतं, कारण तलफही पाच मिनिटांचीच असते. तुम्ही ते चालणं काढून टाकलंय. आता मध्ये फक्त कपाटाचं दार आहे. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर 2020 पासून बंदी आहे, पण तुमच्या घरात एक सुटी ठेवलेली आहे.

ती काढायची, पण रात्री नाही, आणि रागानेही नाही. सकाळी, अंघोळीनंतर, दिवसाच्या उजेडात. पाकीट बाहेर काढा, सिगारेट नळाखाली धरा, कागद फाटून तंबाखू ओली होईपर्यंत. मग चिंधीसारखी गुंडाळून कचऱ्यात. सुकी टाकू नका, सुकी परत काढता येते. झाडांच्या कुंडीतही नको. फिल्टर हे एक प्रकारचं प्लॅस्टिकच असतं, वर्षानुवर्षं कुजत नाही. या वेळी बायको जवळ असेल तर चांगलं. तिला आधी एवढंच सांगा: "मला ओढावंसं वाटत नाही, पण तिची आठवण येते. तू काही म्हणू नकोस, फक्त उभी राहा." बहुतेक माणसांना, काय बोलायचं नाही हे सांगितलं की सुटल्यासारखं होतं. तिच्या प्रश्नात भीती असावी. तुम्ही रडताय म्हणजे परत सुरू करणार, असं तिला वाटत असेल.

आता तुमचं "सध्या बंद आहे". सध्या बंद आहे हे दुकानाच्या शटरवर लिहितात. आतला माल तसाच असतो. ऐकणाराही तेच ऐकतो, म्हणून पुढच्या महिन्यात तो पुन्हा पाकीट पुढे करतो. "सोडलीय" हे पुढचं, पण त्यात अजून सिगारेट मध्यभागी आहे. मराठीत आपण घर, नोकरी आणि माणूस यांनाही 'सोडलं' म्हणतो, आणि सोडलेल्याकडे परत जाता येतं. "मी ओढत नाही" या वाक्यात सिगारेट तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. तुम्हाला ते खोटं वाटतं, कारण 'ओढत नाही' म्हणजे 'कधीच ओढली नाही' असं तुम्ही धरून चाललाय. ते वर्तमानकाळातलं वाक्य आहे आणि 74 दिवस ते अक्षरशः खरं आहे.

मात्र प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य नको. टपरीवरच्या जुन्या मित्रांना एकदा, एकदाच, "पाडव्याला सोडली" म्हणा, त्यांना तो हिशोब देणं लागतो. नव्या माणसाला, पाहुण्याला, ऑफिसातल्या नव्या सहकाऱ्याला "मी ओढत नाही", बास, पुढे कारण नको. "नको, डॉक्टरांनी मनाई केलीय" किंवा "चालत नाही" असं म्हणू नका. ज्या वाक्यात कुणी दुसऱ्याने अडवलंय, ते वाक्य त्या दुसऱ्याची पाठ वळली की सुटतं. आणि डॉक्टरांना मात्र नेहमी पूर्ण सांगा: चोवीस वर्षं, रोज बारा, अमुक तारखेला सोडली. छातीचा एक्स-रे बघताना, भूल देण्याआधी त्यांना हे लागतं. विम्याच्या अर्जातही जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, नाहीतर दाव्याच्या वेळी घरच्यांची अडचण होते. आता ओढत नाही आणि पूर्वी ओढायचो, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असू शकतात.

न ओढणारा माणूस होणं मनात ठरवून जमत नाही. तसं वागल्याचे पुरावे साठावे लागतात. म्हणून टपरी कायमची टाळू नका. ती टाळणं म्हणजे 'मी अजून तोच आहे, फक्त कोंडून ठेवलाय' असं स्वतःला सांगणं. चहा दुपारी चारच्या आत संपवायचाच आहे, तर पुढच्या आठवड्यात एकदा साडेतीनला जा. एकच कप, दहा मिनिटं. धूर येतो त्याच्या उलट बाजूला उभे राहा. कप त्याच हातात. कुणाची सिगारेट धरायची नाही, कुणासाठी विकत आणायची नाही, कुणाची पेटवून द्यायची नाही. मैत्रीखातर केलेल्या या तीन कामांतून बरेच जण परत गेलेत. दुसरा कप मागवला जाण्याआधी निघा. पहिल्या वेळी परक्यासारखं वाटेल. चार-पाच खेपांत कळेल की यातले कोण तुमचे मित्र होते आणि कोण सिगारेटचे. जे उरतील त्यांना एखाद्या रविवारी सकाळी पर्वतीवर किंवा मिसळीला बोलवा, म्हणजे मैत्रीला टपरीखेरीज दुसरी जागा मिळेल. ओढणाऱ्यांना उपदेश मात्र करू नका. दिवसभर सिगारेटविरुद्ध बोलणाऱ्याचा दिवसही सिगारेटभोवतीच फिरत असतो.

एक धोका मात्र याच वाटेवर आहे. सहा-आठ महिन्यांनी 'मी आता ओढणारा नाहीच, मग एकीने काय होतंय' असं वाटेल. ते तलफेच्या तोंडून येणार नाही. आनंदाच्या किंवा दुःखाच्या एखाद्या मोठ्या दिवशी येईल. म्हणून या वर्षातले 'पहिले' दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा: तिच्याशिवायचा पहिला पाऊस, गणपती विसर्जनाची पहिली रात्र, पहिली दिवाळी, पहिला कोकणचा प्रवास, घरातली एखादी पुण्यतिथी. या दिवशी आठवण पहिल्या आठवड्यासारखी उसळू शकते. ती तुमची घसरण समजू नका. ती त्या दिवसाची असते आणि बहुतेकदा त्याच दिवशी ओसरते. प्रत्येकाच्या पुढे आधीच लिहा, त्या वेळी कुठे असाल, हातात काय असेल, बरोबर कोण असेल. पाऊस तर तोंडावर आलाय. पहिल्या सरीला गच्चीवर एकटे जाऊ नका. बायकोला घेऊन जा, दोन कप करा.

आणि समजा ओढलीतच. मग त्या तासात करायचं ते असं: उरलेली नळाखाली धरा, कुठे, किती वाजता, कुणाबरोबर, काय झाल्यावर, हे चार शब्दांत लिहा, आणि त्याच संध्याकाळी कुणाशी तरी बोला. 1800-11-2356 ही तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. एका सिगारेटने 74 दिवस पुसले जात नाहीत. माणूस परत जातो तो बहुधा "आता गेलंच सगळं" म्हणून ओढलेल्या दुसरीमुळे.

शेवटचं एक पाहून ठेवा. आठवणीचं दुःख लाटेसारखं असतं, साडेदहाला येतं आणि दिवसा तुम्ही हसता, जेवता, कामाला लागता. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ दिवसभर मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर ते सिगारेटचं दुःख समजून अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा किंवा 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. काही जणांचं जुनं नैराश्य सोडल्यानंतर वर येतं, आणि त्यावर औषध आहे.

आज रात्री फक्त दोनच कामं करा. गवती चहाची चार पाती आणून ठेवा, आणि गच्चीवर जाण्याआधी फोन खालच्या टेबलावर. पुस्तकांमागचं पाकीट उद्या सकाळी.